एकाच खोलीत दोन पत्ते वाटणारे: तोतया डीएचसीपी सर्व्हर स्विचवरच कसा अडतो

सकाळी सव्वादहाला पहिला फोन आला. "सर, माझं मशीन चालू झालंय, वायर लावलेली आहे, पण फाइल सर्व्हर उघडत नाहीये. इंटरनेटही नाही." मी नेहमीचा प्रश्न विचारला, शेजारच्या मॅडमचं चालतंय का? "हो, त्यांचं चालतंय. त्यांनी काल रात्री मशीन बंदच केलं नव्हतं."

अर्ध्या तासात असे आणखी सहा-सात फोन आले, आणि प्रत्येक वेळी तेच. रात्रभर चालू राहिलेली मशीनं ठणठणीत, सकाळी चालू केलेली बहुतेक मशीनं बंद पडल्यासारखी. एकानं 'रीस्टार्ट करून बघतो' म्हणून चालू असलेलं मशीन रीस्टार्ट केलं आणि तेही गेलं. स्विच खराब झाला किंवा केबल तुटली तर असं होत नाही. तिथं जे जातं ते सगळ्यांचं जातं, नाहीतर एकाचं जातं. रीस्टार्ट केल्यावरच बिघडणं ही पत्ते वाटण्यातल्या गोंधळाची खूण आहे. ही खूण कशी उमटते ते समजलं, की स्विच त्यावर काय करतो ते आपोआप समजतं. म्हणून आधी पत्ते कसे वाटले जातात ते पाहू.

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक मशीनला एक आयपी पत्ता लागतो. तो हातानं टाकायचा नसेल तर डीएचसीपी नावाची पद्धत वापरतात. एक सर्व्हर पत्त्यांचा साठा सांभाळतो आणि मागेल त्याला ठराविक मुदतीसाठी पत्ता देतो. या मुदतीला लीज म्हणतात. व्यवहार चार निरोपांत होतो. नवीन मशीन ओरडून विचारतं, 'इथं कुणी पत्ता देणारा आहे का?' हा डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, 'हा घे, हा पत्ता मोकळा आहे.' ही ऑफर. मशीन म्हणतं, 'बरं, हाच द्या.' ही रिक्वेस्ट. सर्व्हर शिक्का मारतो, तो अॅक. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि मशीन ६८ वर.

पहिल्या निरोपासाठी मी 'ओरडून' म्हटलं ते मुद्दाम. मशीनला अजून स्वतःचा पत्ता नाही आणि सर्व्हरचाही ठाऊक नाही. त्यामुळे ते 0.0.0.0 वरून 255.255.255.255 ला निरोप पाठवतं, म्हणजे त्या नेटवर्कमधल्या प्रत्येकाला. साधा स्विच हा निरोप आपल्या सगळ्या पोर्टांवर, म्हणजे केबल लावायच्या सगळ्या खाचांवर, सोडतो. तो कुणीही ऐकू शकतं, आणि मुख्य म्हणजे कुणीही उत्तर देऊ शकतं.

मशीन काय करतं? सहसा जी ऑफर आधी येईल ती धरतं. उत्तर देणारा खरंच या संस्थेचा सर्व्हर आहे का, हे तपासायचं साधन त्याच्याकडे नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा खरे भाऊ पाहिलेली माणसं तरी पुण्यात होती. इथं नुकतंच चालू झालेलं मशीन कुणालाच ओळखत नाही. डीएचसीपीचा आजचा पायाभूत दस्तऐवज आरएफसी २१३१ हा १९९७ सालचा आहे, आणि ही पद्धत बरीच असुरक्षित असल्याचं त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे २००१ मध्ये ओळख पटवण्याची एक जोड आरएफसी ३११८ मध्ये आली, पण ती प्रत्यक्षात रुजली नाही. कारण सरळ आहे. त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये आधीच एक गुपित भरून ठेवावं लागतं, आणि तेवढं करायचं तर पत्ताच हातानं टाकता येईल.

म्हणजे मशीन तोतयाला ओळखू शकत नाही, आणि खरा सर्व्हर त्याला रोखू शकत नाही. मात्र दोघांच्या मध्ये एक जण असा आहे ज्याच्या हातून प्रत्येक निरोप जातो. तो म्हणजे स्विच. कोणता निरोप कोणत्या पोर्टातून आत आला हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि ही माहिती खोटी पाडता येत नाही. निरोपात काहीही लिहिता येईल, पण सतरा नंबरच्या पोर्टात खोचलेली केबल सतरा नंबरच्याच पोर्टात असते. सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

आता त्या सकाळकडे. आमची मांडणी साधी होती. खालच्या मजल्यावर सर्व्हर रूम, तिथं सिस्कोचा एक मुख्य स्विच. तोच गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, आणि तोच डीएचसीपी सर्व्हर, पत्ता 10.20.20.1. वर तीन स्विच, प्रत्येकी ४८ पोर्टांचे, आणि त्यांना जोडलेली सगळी टेबलं व्हीलॅन २० मध्ये, म्हणजे स्विचवर आखलेल्या एकाच नेटवर्कमध्ये. बिघडलेल्या पहिल्या मशीनवर मी `ipconfig /all` दिलं. त्यातल्या कामाच्या ओळी या:

```
IPv4 Address. . . . . : 192.168.1.104
Default Gateway . . . : 192.168.1.1
DHCP Server . . . . . : 192.168.1.1
```

तिसरी ओळ वाचली आणि प्रश्न संपला. आमच्याकडे 192.168.1.1 नावाचं काहीच नव्हतं. हा घरगुती राउटरचा पत्ता. कुणीतरी मीटिंग रूममध्ये वाय-फाय पोचत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, आणि केबल खोचली होती ती लॅनच्या चार खाचांपैकी एकीत. तीच केबल वॅनच्या वेगळ्या खाचेत गेली असती, तर राउटरनं आमच्या सर्व्हरकडून गुपचूप एक पत्ता घेतला असता आणि आपल्या मागच्या फोनांपुरतंच दुकान चालवलं असतं. लॅनच्या खाचेत गेल्यामुळे त्याचा आतला डीएचसीपी सर्व्हर आमच्या सबंध व्हीलॅनमध्ये पत्ते वाटायला बसला. वॅनची खाच रिकामी, त्यामुळे त्यानं दाखवलेल्या गेटवेमागे इंटरनेट नव्हतंच.

सहकाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मी जितके तोतया सर्व्हर पाहिलेत त्यातले बहुतेक असेच आलेले आहेत. बाकीचे म्हणजे लॅपटॉपवरची व्हर्च्युअल मशीनं, नाहीतर चुकीच्या केबलला जोडलेलं प्रयोगशाळेतलं काही.

पण एक गोष्ट अजून सुटलेली नव्हती. खरा सर्व्हर चालू असताना हा शर्यत जिंकत कसा होता? त्याची दोन कारणं होती आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, पूर्ण नव्यानं पत्ता मागणाऱ्या मशीनला आमचा मुख्य स्विच लगेच ऑफर देत नव्हता. सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस या प्रणालीतला डीएचसीपी सर्व्हर पत्ता देण्याआधी तो खरंच मोकळा आहे का हे पाहायला त्यावर दोनदा पिंग करतो आणि प्रत्येक वेळी उत्तरासाठी अर्धा सेकंद थांबतो. मूळ सेटिंगच तशी आहे. म्हणजे त्याची ऑफर निघेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तो राउटर एवढा विचार करत नव्हता. जो नियम पाळतो तो उशिरा पोचतो.

दुसरं कारण त्या रीस्टार्टच्या कोड्याचं उत्तर आहे. कालच्या लीजची मुदत शिल्लक असताना मशीन पुन्हा चालू झालं, तर ते डिस्कव्हरपासून सुरुवात करत नाही. ते सरळ रिक्वेस्ट पाठवतं, 'काल माझ्याकडे 10.20.20.57 होता, तोच चालू ठेवू ना?' ही रिक्वेस्टही सगळ्यांना ऐकू जाते. आमचा सर्व्हर 'हो' म्हणणारच. पण राउटरच्या दृष्टीनं हे नेटवर्क 192.168.1 चं आहे, तिथं 10.20.20.57 हा पत्ता चुकीचा, आणि चुकीच्या नेटवर्कचा पत्ता मागणाऱ्याला नकार द्यावा असं आरएफसीच सांगते. हा नकार म्हणजे नॅक. नॅक आधी पोचला की मशीन हातातला चांगला पत्ता टाकून देतं आणि डिस्कव्हरपासून नव्यानं सुरू करतं, म्हणजे ज्या शर्यतीत आपण एक सेकंद मागे आहोत त्याच शर्यतीत पुन्हा उतरतं.

रात्रभर चालू असलेली मशीनं मात्र सुरक्षित, कारण चालू मशीन लीजची निम्मी मुदत संपली की नूतनीकरणाचा निरोप थेट आपल्या सर्व्हरलाच पाठवतं, ओरडून नाही. तोतयाला तो ऐकूच येत नाही. ही निम्म्या मुदतीची विनंती फसली आणि मुदतीचा साडेसत्त्याऐंशी टक्के भाग उलटला, तरच मशीन पुन्हा सगळ्यांना विचारतं.

त्या दिवशी तोतया कसा सापडला तेही सांगतो, कारण हे ज्याला जमतं त्याला घाबरायचं कारण उरत नाही. बिघडलेल्या मशीनवर `arp -a` दिलं की 192.168.1.1 च्या पुढे त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची हार्डवेअरची ओळख, दिसतो. तो घेऊन मुख्य स्विचला विचारायचं:

```
show mac address-table address 021a.4c77.0c19
```

उत्तरात एक पोर्ट येतो. तो वरच्या एखाद्या स्विचकडे जाणारा असेल तर त्या स्विचवर जाऊन तोच प्रश्न पुन्हा. दोन पायऱ्यांत मला दुसऱ्या स्विचचा `Gi1/0/17` मिळाला. तो पोर्ट बंद केला, सगळ्यांना केबल काढून पुन्हा लावायला सांगितली, आणि काम सुरू झालं. तोवर पावणेदोन तास गेले होते.

आता स्विचचं काम. डीएचसीपी स्नूपिंग म्हणजे स्विचनं डीएचसीपीचे निरोप नुसते पुढे ढकलण्याऐवजी उघडून वाचणं. एरवी स्विच पाकिटावरचा मॅक पत्ता पाहून पाकीट पुढे देतो, आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. स्नूपिंग चालू केलं की ठरवून दिलेल्या व्हीलॅनमधले डीएचसीपीचे निरोप तो बाजूला काढतो, कोण बोलतंय ते पाहतो आणि मग सोडतो किंवा फेकून देतो.

नियम असा. स्विचचा प्रत्येक पोर्ट एकतर विश्वासू असतो किंवा बिनभरवशाचा, आणि सुरुवातीला सगळेच बिनभरवशाचे. बिनभरवशाच्या पोर्टातून मागणाऱ्याचे निरोप आत येऊ शकतात, म्हणजे डिस्कव्हर, रिक्वेस्ट वगैरे. पण देणाऱ्याची भाषा, म्हणजे ऑफर, अॅक किंवा नॅक, अशा पोर्टातून आत आली तर तो निरोप तिथंच टाकून दिला जातो. नॅकही या यादीत आहे हे लक्षात घ्या. फक्त ऑफर अडवली असती तर आमच्या त्या राउटरनं नॅक देऊन देऊन सगळ्यांचे पत्ते काढून घेतलेच असते.

विश्वासू पोर्ट म्हणजे ज्या दिशेला खरा सर्व्हर आहे त्या दिशेचा पोर्ट. यात लोक हमखास गल्लत करतात. विश्वासू म्हणजे महत्त्वाच्या माणसाचा पोर्ट नव्हे. साहेबांच्या टेबलावरचा पोर्ट बिनभरवशाचाच राहतो, कारण तिथून पत्ते वाटले जाणार नाहीत, मागितले जातील. एका स्विचखाली दुसरा स्विच जोडलेला असेल तर खालच्या स्विचचा वर जाणारा पोर्ट विश्वासू, कारण सर्व्हर वर आहे. वरच्या स्विचचा खाली जाणारा पोर्ट मात्र बिनभरवशाचाच ठेवायचा. दोन स्विच आहेत, दोघंही आपलेच, मग दोन्ही टोकं विश्वासू करून टाकू, असा मोह होतो. तो टाळावा. खालच्या स्विचवरचं स्नूपिंग कधी बंद पडलं तर वरचा निदान पुढे तरी काही जाऊ देणार नाही.

आमच्या वरच्या प्रत्येक स्विचवर मुख्य स्विचकडे जाणारी केबल ४९ व्या पोर्टात होती. त्यावर टाकलेल्या सगळ्या आज्ञा एवढ्याच:

```
interface GigabitEthernet1/0/49
 ip dhcp snooping trust
exit
no ip dhcp snooping information option
ip dhcp snooping vlan 20
ip dhcp snooping
```

यातला क्रम मी मुद्दाम असा ठेवतो. आधी विश्वासू पोर्ट, मग व्हीलॅन, आणि मुख्य बटण सगळ्यात शेवटी. उलट केलं तर मधल्या क्षणांत खऱ्या सर्व्हरची उत्तरंही फेकली जातात. आणि व्हीलॅनची ओळच विसरली तर स्नूपिंग चालू दिसतं पण करत काहीच नाही. दोन केबली एकत्र बांधून पोर्ट-चॅनल केलेला असेल तर विश्वास त्या पोर्ट-चॅनलवर द्यायचा.

चौथ्या ओळीवर थोडं थांबू, कारण पहिल्यांदा स्नूपिंग चालू करणाऱ्या कितीतरी जणांचा दिवस तिनं खाल्ला आहे, माझाही. सिस्कोचा स्विच स्नूपिंग चालू होताच मागणाऱ्याच्या निरोपाला एक चिठ्ठी जोडायला लागतो, तिचं नाव ऑप्शन ८२. हा निरोप कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टातून आला ते तिच्यात लिहिलेलं असतं. मुळात ती जोडायचं काम रिलेचं, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे निरोप नेणाऱ्या मध्यस्थाचं. मध्यस्थ चिठ्ठीबरोबर निरोपात आपला पत्ताही भरतो. आपल्या स्विचनं चिठ्ठी जोडली, पण तो मध्यस्थ नसल्यामुळे पत्त्याची जागा 0.0.0.0 च राहिली. आयओएसच्या डीएचसीपी सर्व्हरला ही विसंगती खटकते आणि तो असा निरोप मुकाट्यानं टाकून देतो. वर बघावं तर स्नूपिंग चालू, पोर्ट विश्वासू, आज्ञा बरोबर, आणि तरी कुणालाच पत्ता मिळत नाही. आमच्यासारख्या लहान मांडणीत त्या चिठ्ठीचा काही उपयोग नव्हता, म्हणून मी ती बंदच केली. जिथं तिचा उपयोग आहे तिथं ती राहू द्यावी आणि मुख्य स्विचला `ip dhcp relay information trust-all` सांगून ती चालवून घ्यायला लावावी.

बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मशीनला 192.168.1 सारखा परका पत्ता मिळाला असेल, तर कुणीतरी जास्तीचं वाटतंय. मशीनवर 169.254 नं सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर कुणीच वाटत नाहीये, कारण कुठूनच उत्तर आलं नाही की विंडोज असा पत्ता स्वतःच लावून घेतं. स्नूपिंग चालू केल्यावर 169.254 दिसू लागले तर तोतया शोधत फिरू नका. विश्वासू पोर्ट चुकलाय किंवा ती चिठ्ठी आडवी आलीये. आणि हे लगेच कळत नाही. संध्याकाळी आज्ञा टाकल्या, सगळं चालू दिसलं, म्हणून घरी गेलात, तरी सकाळी मशीनं चालू होतील तेव्हाच खरं काय ते समजेल. म्हणून आज्ञा टाकल्याबरोबर एका लॅपटॉपवर `ipconfig /release` आणि मग `ipconfig /renew` देऊन पाहावं. पत्ता आला तर स्विचवर हे विचारावं:

```
Switch# show ip dhcp snooping binding
MacAddress         IpAddress    Lease(sec) Type          VLAN Interface
02:1A:4C:3B:44:5E  10.20.20.57  86391      dhcp-snooping 20   GigabitEthernet1/0/7
```

ही स्विचनं स्वतः लिहिलेली वही. खऱ्या सर्व्हरचा अॅक विश्वासू पोर्टातून येऊन जाताना त्यानं वाचला आणि नोंद केली: हा मॅक, हा पत्ता, इतके सेकंद शिल्लक, हा व्हीलॅन, हा पोर्ट. आयओएसमध्ये लीज मुळात एक दिवसाची, म्हणजे ८६,४०० सेकंद. वरच्या ओळीत त्यातले नऊ सेकंद उलटलेले आहेत. सातव्या पोर्टातल्या मशीनचा पत्ता सोडून द्यायचा निरोप जर नवव्या पोर्टातून आला, तर ही वही पाहूनच स्विच तो खोटा ठरवतो.

या वहीवर पुढची कुलपं बसवता येतात. एआरपीला, म्हणजे 'हा आयपी पत्ता कोणत्या मॅकचा?' या प्रश्नाला, दुसऱ्याच्या नावानं खोटी उत्तरं देणाऱ्याला पकडणारी तपासणी हीच वही वाचते. पण ती कुलपं त्याच दिवशी लावू नयेत. स्नूपिंग चालू केलं त्या क्षणी वही कोरी असते. सकाळीच पत्ता घेऊन बसलेल्या मशीनांची नोंद त्यांच्या पुढच्या नूतनीकरणाशिवाय होत नाही. निदान एक पूर्ण लीज जाऊ द्यावी. वीज गेली आणि स्विच पुन्हा चालू झाला तर वही पुन्हा कोरी, म्हणून `ip dhcp snooping database` या आज्ञेपुढे फाइलचं ठिकाण देऊन ती तिथं साठवायला सांगून ठेवावं.

विजेवरून आणखी एक. डीएचसीपीचे निरोप उघडून वाचायचं काम स्विचचा मुख्य प्रोसेसर करतो, आणि कुणी मुद्दाम हजारो खोटे डिस्कव्हर सोडले तर तो गुदमरतो. त्यासाठी पोर्टवर सेकंदाला किती निरोप चालतील याची मर्यादा घालता येते. एका टेबलाच्या पोर्टला पंधरा भरपूर होतात. पण मी ओळीनं सगळ्या पोर्टांवर तीच मर्यादा टाकली, आणि त्यातल्या एका पोर्टाखाली एक छोटा स्विच आणि त्यामागे अख्खी ट्रेनिंग रूम होती. वीज जाऊन आली, सगळी मशीनं एकदम उठली, मर्यादा ओलांडली गेली आणि स्विचनं तो पोर्टच बंद करून टाकला. तेव्हापासून ज्याच्यामागे अनेक मशीनं आहेत अशा पोर्टाला मोठा आकडा देतो, आणि `errdisable recovery cause dhcp-rate-limit` टाकून ठेवतो, म्हणजे बंद पडलेला पोर्ट पाच मिनिटांनी आपोआप उठतो.

इथवर मी चुकून आलेल्या राउटरबद्दल बोललो. मुद्दाम आलेला तोतया कितीतरी शांत असतो. तो 192.168.1 सारखा भलता पत्ता देणार नाही. तो आपल्याच नेटवर्कमधला पत्ता देईल, फक्त गेटवे किंवा डीएनएस म्हणून स्वतःचं नाव सांगेल. सगळं चालू राहील, कुणी फोन करणार नाही, आणि सगळी ये-जा त्याच्या हातून होत राहील. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावानं याचीच एक वाट उघड झाली, नोंद क्रमांक `CVE-2024-3661`. मशीनला ठराविक रस्ते नेमून देणारा ऑप्शन १२१ हा डीएचसीपीतला जुनाच भाग. तोतया सर्व्हर तो वापरून मशीनला असे रस्ते देऊ शकतो की व्हीपीएन चालू असूनही वाहतूक त्याच्या सुरक्षित बोगद्यात न शिरता बाहेरूनच जाते, आणि व्हीपीएन मात्र जोडलेलं दिसत राहतं. अँड्रॉइड तो ऑप्शन पाळतच नाही, म्हणून फोन वाचले. बाकीच्यांसाठी तोतयाचा निरोप मुळात मशीनपर्यंत न पोचणं हाच खात्रीचा उपाय, आणि स्नूपिंग तेच करतं.

आमच्याकडे आज्ञा टाकून झाल्यावर एका शनिवारी, बहुतेक टेबलं रिकामी असताना, मी तोच राउटर तसाच, लॅनच्या खाचेत, त्याच सतराव्या पोर्टात लावला. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपनं पत्ता मागितला आणि 10.20.20 चाच पत्ता आला. दहा वेळा मागितला, दहाही वेळा तोच. अशा वेळी लॉगमध्ये काय दिसेल हे स्विचवर अवलंबून असतं. काही ठिकाणी बिनभरवशाच्या पोर्टातून आलेली ऑफर फेकल्याची ओळ येते, त्यात तोतयाचा मॅक पत्ता लिहिलेला असतो आणि तो सापडतो. काही स्विच मागणाऱ्याचा डिस्कव्हरही फक्त विश्वासू पोर्टाकडेच पाठवतात. तिथं तोतयाला कुणी हाक मारलेलीच ऐकू जात नाही, तो उत्तर देत नाही, आणि लॉगही कोरा राहतो. म्हणून कोरा लॉग पाहून इमारतीत तोतया नाहीच असं मी कधी म्हणत नाही.

स्नूपिंगची हद्द मात्र नेमकी ओळखायला हवी. जो निरोप या स्विचमधून जातो त्यालाच तो अडवू शकतो. हातानं पत्ता टाकून बसलेल्याला तो अडवत नाही, कारण तिथं डीएचसीपी बोललंच जात नाही. आयपीव्ही६ साठी वेगळा बंदोबस्त लागतो, वरच्या आज्ञा फक्त आयपीव्ही४ च्या आहेत. आणि सगळ्यात जवळची फट टेबलाखाली असते. भिंतीत एकच सॉकेट, माणसं तीन, म्हणून कुणीतरी बाजारातून आठ पोर्टांचा साधा स्विच आणून खाली ठेवतो. त्या डबीत तोतया राउटरही लागला आणि तीन मशीनंही, तर ऑफर डबीच्या आतच एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाते. आपल्या मोठ्या स्विचपर्यंत ती अडवण्यासाठी येतच नाही.

हे ओळखायचं कसं? बिघडलेली मशीनं कुठल्या पोर्टात आहेत ते पाहायचं. सगळ्यांचे मॅक पत्ते एकाच पोर्टावर दिसत असतील आणि त्या पोर्टाबाहेर सगळं ठीक असेल, तर मध्ये डबी आहे. आमच्याकडे अकाउंट्समध्ये एक अशी सापडली, प्रिंटरच्या मागे. ती काढली आणि रॅकपासून तिथपर्यंत तीन नव्या केबली ओढून घेतल्या.